घुमटीतला दिवा

घर पाडायला काय लागतं, दोन पहारी आणि चार दांडगे गडी, असं समजणाऱ्या माणसांची परळ-लालबागला कधीच ददात नव्हती. त्यातले काहीजण हल्ली स्वतःला कॉन्ट्रॅक्टर म्हणवून घेतात आणि गळ्यात चेन घालून फिरतात. कुशाबा राऊळ अशांच्या नावानं बोटं मोडायचा. "भिंतीच्या बुडाशी घण मारतात आणि वर बघत उभे राहतात," तो म्हणायचा, "देव यांना डोळे कशाला देतो कुणास ठाऊक."

कुशाबाचा बाप गिरणीत होता. गिरणी बंद पडली, बाप कॉटवर बसला, आणि कुशाबा त्याच गिरणीचे पत्रे उतरवायच्या कामाला लागला. बापानं ज्या छपराखाली जन्म काढला ते छप्पर पोरानं खोललं. या गोष्टीवर कुशाबा कधी गहिवरला नाही. कामाला माणूस लागतो आणि माणसाला काम लागतं, एवढंच त्याचं म्हणणं. पण तिथं एका म्हाताऱ्या फिटरनं त्याला जे शिकवलं ते त्यानं आयुष्यभर सोडलं नाही. बांधताना जे शेवटी चढलं, ते पाडताना पहिलं उतरवायचं. घाई करायची नाही. आणि ज्या वस्तूचं दुसरं टोक कुठं आहे ते ठाऊक नाही, त्या वस्तूला हात लावायचा नाही.

हे शेवटचं तो आपल्या गड्यांना इतक्या वेळा सांगायचा की गौतम त्याची नक्कल करून दाखवायचा. गौतम कांबळे त्याचा जुना जोडीदार, पहिल्यापासून बरोबर. मुकादम कुशाबा असला तरी गड्यांना सांभाळायचं काम गौतमचं. कुशाबा तापट आणि गौतम थंड, त्यामुळे दोघांचं चांगलं जमायचं. कुशाबानं कुणाला शिवी घातली की मागोमाग गौतम त्या माणसाला चहा पाजायचा.

भोईवाड्याच्या अलीकडे बकुळवाडी म्हणून एक आळी आहे. तिथलं विजयकरांचं बैठं घर पाडायचं काम कुशाबाकडे आलं. विजयकर म्हणजे मुंबईतलं जुनं खानदान. एके काळी निम्मी वाडी त्यांची होती, आता हे एक कौलारू घर उरलं होतं. भाडेकरू केव्हाच निघून गेले होते आणि घर कुलपात होतं. मालक मनमोहन विजयकर शिवाजी पार्कला राहायचे, सज्जन माणूस, कागदपत्रांना चोख. पालिकेची परवानगी, वीज कंपनीचं मीटर काढल्याचं पत्र, पाणी तोडल्याची पावती, सगळं त्यांनी स्वतः खेटे घालून मिळवलं.

काम चांगलं होतं. अडचण एकच होती, आणि ती कुशाबानं कुणालाच सांगितली नाही. विजयकरांच्या घराची उत्तरेची भिंत सामाईक होती, आणि त्या भिंतीपलीकडे कुशाबाची सख्खी बहीण शांता राहत होती.

बहीणभावांचा अबोला होता. आई शेवटच्या दुखण्यात गावी न्या, गावी न्या म्हणत होती. शांता म्हणाली, तिला घेऊन जाऊ, मालवणच्या मातीत जाऊ दे तिला. कुशाबा म्हणाला, इथं डॉक्टर आहेत, तिथं काय आहे? आई इथंच गेली. तेराव्याला भरल्या घरात शांता त्याला म्हणाली, "आवशीक तू आपली माती बघूक दिलंस नाय." कुशाबा ताटावरून उठला तो उठलाच. तेव्हापासून तो बकुळवाडीच्या तोंडापर्यंत येई, पण बहिणीच्या दारात त्याचं पाऊल पडलं नाही. शांताही तसलीच. एकाच आईची दोन पोरं, एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं.

शेजारभिंत सामाईक असली की पाडणारा आधी शेजारच्या घरात जातो. हा काही कायद्याचा बडेजाव नाही, साधी रीत आहे. पलीकडचं आढं या भिंतीवर टेकलंय का, पलीकडची मोरी याच भिंतीतून जाते का, देव्हारा, फळ्या, माळा, काय काय भिंतीला लटकलंय ते बघायचं. वायर कुठून येते, कुठं जाते, विचारायचं. त्या घरातली सगळी बटणं एकेक करून लावायला सांगायची आणि इकडच्या प्रत्येक वायरीला टेस्टर लावून बघायचा. कुशाबा हे नेहमी जातीनं करायचा. परक्यांच्या घरी तो चपला बाहेर काढून, हात जोडून जायचा आणि म्हाताऱ्यांना न पटणाऱ्या गोष्टी दोन-दोनदा समजावून सांगायचा. इथं मात्र त्यानं गौतमला हाक मारली.

"तू जाऊन ये."

गौतमनं त्याच्याकडे बघितलं. "अरे, बहीण तुझी आहे."

"मुकादम मी आहे. जा बोलतोय ना."

गौतम गेला. शांता दारातच उभी राहिली, आत ये म्हणाली नाही. गौतमनं भिंतीचं विचारलं. तिनं सांगितलं, आढं या भिंतीवर नाही, स्वतंत्र खांबावर आहे, मोरी पलीकडे आहे. मग त्यानं विचारलं, "ताई, विजयकरांच्या घरात तुमची लाईट जाते का?"

"नाही," शांता म्हणाली. मग तिचा आवाज चढला. "आणि हे विचारायला भावाला तोंड नाही काय? पाय मोडले त्याचे?" तिनं दार लावून घेतलं.

गौतमनं परत येऊन फक्त अर्धंच सांगितलं. नाही म्हणाली, वायर नाही. उरलेलं त्यानं पोटात ठेवलं, कारण दोघांच्या मध्ये आगीत तेल घालायचा त्याचा स्वभाव नव्हता. घरी जाऊन मात्र त्यानं बायकोला हसत हसत सांगितलं, की आज मी भाऊबहिणीचा पोस्टमन झालो.

आता शांतानं खोटं सांगितलं का? नाही. विजयकरांच्या घरात तिची लाईट जात नव्हती. त्यांच्या घरातून ती जात होती.

विजयकरांच्या घराच्या दुसऱ्या टोकाला, आळीच्या कोपऱ्यावर, गावदेवाची छोटी घुमटी आहे. तिथं रोज दिवेलागणीला एक बल्ब लागतो. पूर्वी त्याला मंडळाच्या ऑफिसातून लाईट होती, हे कुशाबाला चांगलं ठाऊक होतं, कारण ती वायर ओढली तेव्हा शिडी त्यानंच धरली होती. पुढं मंडळाचं ऑफिस हललं आणि देव अंधारात पडला. शांताचा नवरा वसंत भाविक माणूस. त्यानं आपल्या घरातून सामाईक भिंतीला भोक पाडलं, कुलपातल्या विजयकरांच्या घराच्या भिंतीच्या माथ्यावरून जुन्या लाकडी पट्टीच्या आत वायर नेली आणि घुमटीत बल्ब लावला. विजयकरांना कुणी विचारलं नाही, देवाचं काम म्हणून वाडीतही कुणाला वावगं वाटलं नाही. बटण शांताच्या दाराजवळ. तुळशीपाशी निरांजन लावलं की ती ते बटण दाबायची, झोपताना बंद करायची. हे सगळं झालं ते अबोल्याच्या वर्षांत. त्यामुळे वाडीतल्या शेंबड्या पोराला जे माहीत होतं, ते कुशाबाला माहीत नव्हतं.

काम सुरू झालं. वीज कंपनीनं खांबावरूनच केबल तोडली होती, तरी कुशाबानं खोलीखोलीतून टेस्टर फिरवला. पाणी रस्त्याखालच्या मुख्य नळावरून तोडून तोंडाला बूच मारलेलं होतं. गॅसचा सिलिंडर भाडेकरू जाताना घेऊन गेले होते, तरी कुशाबा सगळ्या कोपऱ्यांत हुंगून आला. मोरीचं आणि संडासाचं तोंड त्यानं गोणपाट कोंबून, वर सिमेंट लावून बंद केलं, नाहीतर पाडकामाचा राडारोडा, म्हणजे डेब्रिज, गटारात जातं आणि अख्खी वाडी तुंबते. चारी बाजूंनी पत्रे उभे केले, वर हिरवं कापड ताणलं, आणि घुमटीकडे जायला बाजूनं वाट सोडली.

मागच्या पडवीवर जुने सिमेंटचे पत्रे होते. ते फोडले की त्यातून निघणारी धूळ फुफ्फुसात बसते ती बसतेच. फटाफट फोडून खाली टाकणाऱ्यांचे खोकले कुशाबानं बघितले होते. त्यानं ते पत्रे आधी पाण्यानं भिजवले, बोल्ट ढिले केले, अख्खेच्या अख्खे खाली उतरवले आणि प्लास्टिकमध्ये गुंडाळून वेगळे ठेवले. ते साध्या डेब्रिजच्या गाडीत जात नाहीत. गडी मास्क लावायला कुरकुरले, तेव्हा त्यानं त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि गौतमनं मागोमाग चहा मागवला.

मग दारं-खिडक्या निघाल्या. मग कौलं, दोन्ही बाजूंनी सारखी, म्हणजे छप्पर एका अंगाला कलंडत नाही. मग रिपा, वासे, शेवटी आढं. प्रत्येक संध्याकाळी काम थांबवून कुशाबा घुमटीवरून जायचा. बल्ब लागलेला असायचा. घराची वीज तुटून बरेच दिवस झाले होते, आणि तो बल्ब रोज लागत होता. कुशाबा चप्पल काढून हात जोडायचा आणि घरी जायचा. ही लाईट कुठून येते, असा प्रश्न कुठल्याही परक्या वाडीत त्याला पहिल्याच दिवशी पडला असता. इथं त्याला वाटलं, मंडळाची आहे. जुनी ओळख माणसाला आंधळं करते ती अशी.

भिंती वरून खाली घ्यायच्या होत्या. आधी त्रिकोणी माथे, मग एकेक थर, आणि सामाईक भिंतीला सगळ्यात शेवटी हात, तोही हातोडी-छिन्नीनं, कारण पलीकडे माणसं राहतात. त्या दिवशी सकाळी माथ्यावरची लाकडी पट्टी निघाली. आत वायर. कुशाबानं टेस्टर लावला. त्यातला दिवा लागला नाही. पुन्हा लावला. काहीच नाही. घरातल्याच जुन्या वायरिंगचं शेपूट असणार, त्याला वाटलं. हातात पकड होती. त्यानं वायर तोडली आणि टोक भिंतीवरून खाली सोडून दिलं.

"बाबा, दुसरं टोक?" गौतमनं त्याचंच वाक्य त्याला ऐकवलं, थट्टेत.

"मेलीय ती," कुशाबा म्हणाला. "चल, काम कर."

दिवसभर ती मेलेलीच होती. शांताचं बटण दिवसा बंदच असतं.

डेब्रिजची गाडी दुपारी यायची ती उशिरा आली. विटा एकीकडे, लाकूड एकीकडे, लोखंड एकीकडे लावून झालं होतं, पण मातीचा आणि चुन्याचा ढिगारा सामाईक भिंतीच्या खाली तसाच पडला होता. गाडी परत पाठवली असती तर ढीग वाडीत राहिला असता. भरताना धूळ उडू नये म्हणून ढिगारा भिजवायला हवा. ड्रममधल्या पाण्याचा पाईप गौतमनं हातात घेतला. उजेड उतरू लागला होता.

पलीकडे शांतानं निरांजन लावलं आणि बटण दाबलं. खिडकीतून बघितलं तर घुमटीत दिवा नाही. बल्ब गेला असेल म्हणून ती बटण तसंच ठेवून फडताळातला नवा बल्ब शोधायला आत गेली.

ढिगाऱ्यात वायरीचं टोक अडकलं होतं, फावड्याला आडवं येत होतं. गौतमनं ते ओल्या हातानं धरून बाजूला ओढलं. मुकादम स्वतः म्हणाला होता, मेलीय.

कुशाबानं आवाज ऐकला, आणि वळून बघितलं तेव्हा गौतम वायर सोडत नव्हता. त्या क्षणी त्याला सगळं कळलं. भिंतीतलं भोक, घुमटीचा बल्ब, रोजचे जोडलेले हात. एक सुका वासा उचलून तो धावला आणि धावता धावता त्या भिंतीकडे तोंड करून ओरडला, "शांते! बटण बंद कर! शांते!"

इतक्या वर्षांत भाऊ तिच्याशी बोललेला पहिला शब्द हा. तिनं हाक ओळखली, धावत आली, बटण बंद केलं. कुशाबानं वाशानं वायर उडवली. गौतमची छाती दाबत, त्याच्या तोंडात श्वास फुंकत तो दवाखान्यापर्यंत गेला. डॉक्टरांनी बघितलं आणि मान हलवली.

चौकशी झाली. जो तो खरंच बोलला. विजयकरांनी पत्र दाखवलं, मीटर रीतसर काढलं होतं. शांता म्हणाली, मला विचारलं ते त्यांच्या घरात लाईट जाते का, आणि ती जात नव्हती. वसंत म्हणाला, देवासाठी केलं. वाडी म्हणाली, आम्हाला वाटलं मुकादमाला माहीत असेल. एवढी खरी माणसं एका जागी जमली, आणि त्यातून एक माणूस मेला. कुशाबावर निष्काळजीपणाचा गुन्हा लागला. त्यावर तो वकिलाला म्हणाला, "साहेब, बरोबर लावलाय." वकिलानं त्याला कोर्टात तोंड बंद ठेवायला सांगितलं.

गौतमची बायको अनुजा रडली नाही, भांडली नाही. कुशाबा तिच्यासमोर जमिनीवर बसला होता. ती म्हणाली, "त्यांना का पाठवलंत, भाऊजी? दार तर दोन पावलांवर होतं." आईच्या तेराव्याची गोष्ट सांगायची? कुशाबा उठून बाहेर आला.

पोलिसांनी जागा मोकळी केल्यावर विजयकरांचं राहिलेलं घर त्यानंच पाडलं. लोकांना वाटलं, दगड आहे हा माणूस. पण ते अर्धं कुणाच्या हाती सोडणं त्याच्यानं झालं नाही. सामाईक भिंतीची विजयकरांकडची बाजू एकेक वीट करून त्यानं एकट्यानं उतरवली, ओली करून, आवाज न करता; शांताकडची तशीच उभी ठेवली. गाडीवर ताडपत्री घट्ट बांधून शेवटचं डेब्रिज पाठवलं. मग अवजारं विकून टाकली. त्यानंतर मुकादमी केली नाही.

आता अंगानं तो निम्मा झालाय. लालबागला एका दुकानात बसून असतो. पण आसपास कुठं घर पाडायला घेतलं की तिन्हीसांजेला तिथं हजर होतो. गडी घरी निघालेले असतात, मुकादम वैतागतो. हा शेजारच्या दारादारात जाऊन सांगतो, आता दिवे लावा, सगळे लावा, देवाचा, जिन्याचा, नळावरचा. मग पडक्या घरात जाऊन एकेक वायर तपासतो. काहीजण त्याला वेडा म्हणतात. कुणी अजून हाकललं मात्र नाही.

गेल्या महिन्यात बकुळवाडीतली शांताच्या बाजूची घरांची ओळ पाडायला निघाली. वाडीवर टॉवर होणार आहे. शांता सामान बांधत होती. संध्याकाळी कुशाबा दारात उभा राहिला. हातात टेस्टर. चप्पल त्यानं बाहेर काढली होती, परक्याच्या घरी काढायचा तशी.

शांतानं बघितलं आणि बाजूला झाली. तो आत आला. दाराजवळ ते बटण होतं, त्यावर तिनं काळी पट्टी आडवी-उभी चिकटवली होती. त्या दिवसापासून घुमटीत पणती लागते.

"विचारायला आलोय," तो म्हणाला. "तुझ्या घरातून बाहेर कुठं कुठं वायर जाते?"

"एकच जायची," शांता म्हणाली. ती खाली बसली. "इतकाच इचारूचा होता मा रे तेव्हा? मी सांगितलं असतंय. रागान सांगितलं असतंय, शिवी घालून सांगितलं असतंय. पण सांगितलं असतंय."

कुशाबानं बटणावरची काळी पट्टी हळूच सोडवली, बटण दाबलं, आणि बाहेर जाऊन भिंतीच्या भोकातून अजून लोंबणाऱ्या तुटक्या वायरीला टेस्टर लावून बघितला.